बेल्टची सक्ती केलीत, जमिनीचं काय?

प्रति,
औद्योगिक वसाहतीतील उद्योजक संघटनेचे पदाधिकारी,
गोदामं आणि शीतगृहांचे मालक,
आणि सिझर लिफ्ट भाड्याने देणारे व्यावसायिक

स. न. वि. वि.

संघटनेच्या फलकावर लावलेली सूचना मी तीनदा वाचली. मॅनलिफ्टवर चढणाऱ्या प्रत्येकाने सेफ्टी बेल्ट लावावा, ऑपरेटरने मशीनची आणि स्वतःची संपूर्ण जबाबदारी आपली असल्याचं सही करून द्यावं, आणि 'मागील दुर्घटना ऑपरेटरच्या निष्काळजीपणामुळे घडली असल्याने' या नियमांची कडक अंमलबजावणी होईल, एवढंच तिच्यात आहे. ज्याच्या निष्काळजीपणाबद्दल तुम्ही लिहिलंत तो माझ्या मोठ्या भावाचा मुलगा. चोवीस वर्षांचा आहे, कमरेचं हाड मोडलं, आता वॉकर घेऊन ओट्यापर्यंत येतो. मी स्वतः बावीस वर्षं शीतगृहांची पफ पॅनल बसवतो. त्या साइटवरचं पॅनलचं काम माझंच होतं आणि लिफ्टवर त्याला मीच चढवलं होतं. माझ्या वाटणीची चूकही याच पत्रात येईल.

तिथे काय झालं ते आधी सांगतो, कारण तुमच्या सूचनेत ते कुठेच नाही.

साइट रावेर-सावदा पट्ट्यातली, केळी पिकवणीच्या खोल्यांची. शेड उभी होती, एका बाजूचे पत्रे अजून लागायचे होते. मेच्या शेवटी शेडच्या आतून पावसाळी पाण्याचा पाइप टाकायला आडवी चारी खोदली, साधारण दीड फूट रुंद आणि कमरेएवढी खोल. पाइप टाकला आणि वर निघालेली तीच काळी माती परत ढकलली. आपल्याकडची काळी माती वैशाखात कशी असते हे तुम्हाला सांगायला नको. ढेकळं दगडासारखी होतात. ती चारीत पडली की ढेकळांच्या मधे पोकळ्या राहतात आणि वरून दाबली तरी त्या जात नाहीत. थर-थर टाकून, पाणी मारून, कॉम्पॅक्टर फिरवायला हवा होता, तो फिरवला नाही. वरून दोन-अडीच इंचाचं पीसीसी ओतलं आणि लाकडी थापीने सारखं केलं. दुसऱ्या दिवशी चारी कुठे होती हे खोदणाऱ्यालाही सांगता आलं नसतं.

जूनमध्ये सिझर लिफ्ट त्याच जागेवरून रोज गेली, काही झालं नाही. मग पाऊस लागला. उघड्या बाजूने आणि पाइपच्या जोडातून पाणी आत गेलं, ढेकळं विरघळली, माती खाली बसली, आणि पीसीसीची पापडी खालच्या पोकळीवर तशीच तरंगत राहिली. 'काल तर मशीन इथूनच गेलं' हे वाक्य मी अपघातानंतर पाच जणांच्या तोंडून ऐकलं. काळ्या मातीत कालच्या दिवसाचा भरवसा देता येत नाही, हे शेतात नांगर अडकवलेला कुठलाही माणूस सांगेल. पण साइटवर आलं की आपण ते विसरतो.

जुलैतल्या त्या सकाळी मशीन थोडं वर असताना टिल्टचा अलार्म वाजला. पुतण्याने खाली आणलं, हातभर पुढे घेतलं, अलार्म थांबला. त्याने सुपरवायझरला सांगितलं. उत्तर मिळालं, 'सेन्सर नाजूक असतो, पुढे घेऊन काम कर.' इथे अडून बसायला हवं होतं. अलार्म जमिनीबद्दल बोलत होता आणि आम्ही मशीनला नावं ठेवत होतो.

दुपारी मशीन जवळजवळ पूर्ण उंचीवर, साडेसात मीटरवर होतं. वर दोन माणसं, पुढचा एक्स्टेन्शन डेक बाहेर काढलेला, आणि दोघं मिळून पॅनल खाचेत बसवायला आडवा जोर लावत होते. पुढचं उजवं चाक चारीच्या डोक्यावर होतं. पापडी फुटली, चाक एकदम अर्धा वीत खाली गेलं, आणि मशीन उजवीकडे कलंडत समोरच्या पॅनलच्या भिंतीवर आदळून घसरलं. दुसऱ्या मुलाचा हात मोडला. पुतण्या कठड्यात अडकला.

बेल्ट त्याने लावला होता. तो प्लॅटफॉर्मच्याच हुकात अडकवलेला होता, म्हणजे मशीनबरोबर तोही पडला. म्हणून त्या सूचनेने मला धक्का बसला. बूम लिफ्टमध्ये, म्हणजे लांब हाताच्या टोकाला टोपली असलेल्या मशीनमध्ये, बेल्ट आणि आखूड दोरी हवीच, कारण चाक खड्ड्यात गेलं की टोपली गोफणीसारखी माणसाला बाहेर फेकते. सिझर लिफ्टमध्ये कठडा हेच मुख्य संरक्षण असतं. उत्पादकाने किंवा कामाच्या स्वरूपाने मागितला तर बेल्टही लावा, माझी हरकत नाही. पण मशीनच उलटलं तर बेल्टने काय थांबवायचं?

आता उलटण्याचा हिशोब. कागद-पेन्सिल घेतलंत तर दोन मिनिटांत होईल.

शेडमध्ये चालणाऱ्या अरुंद इलेक्ट्रिक सिझर लिफ्टच्या डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर पाऊण मीटर, म्हणजे ७५ सेंटिमीटरच्या आसपास असतं. एका बाजूचं चाक दुसऱ्यापेक्षा फक्त २ सेंटिमीटर खाली गेलं, तर मशीन दीड अंश कलतं. अशा मशीनवर आडव्या कलाची मर्यादा बहुधा दीड अंशच असते, त्यापुढे अलार्म वाजतो आणि वर जाणं बंद होतं. पुढे-मागे ती साधारण तीन अंश असते, कारण लांबीच्या बाजूला चाकं जास्त दूर असतात. खाली उभं राहून दीड अंश डोळ्यांना दिसत नाही. पण साडेसात मीटरवरचा प्लॅटफॉर्म तेवढ्यात २० सेंटिमीटर बाजूला सरकलेला असतो, जवळपास एक वीत. चाक अर्धा वीत, म्हणजे ११ सेंटिमीटर गेलं, तर कल आठ अंशांवर जातो आणि प्लॅटफॉर्म मीटरभर बाहेर. मशीनचं बरंचसं वजन तळाशी असल्याने नुसत्या कलाने ते कदाचित तग धरेलही. पण वर माणसं, पुढे काढलेला डेक, पॅनलवर लावलेला जोर, आणि चाक दणकन पडल्याचा हिसका, हे सगळं त्याच बाजूला एकदम येतं.

जोराचंही सांगतो, कारण पॅनलवाले, पाइपवाले आणि केबल ओढणारे आम्ही सगळे इथे चुकतो. अशा मशीनवर वर दोन माणसं असताना आडवा जोर ४०० न्यूटनपेक्षा जास्त लावू नये असं सहसा लिहिलेलं असतं, आपल्या भाषेत सुमारे चाळीस किलो. एकच माणूस असेल तर त्याच्या निम्मा. पॅनल खाचेत बसत नसलं की दोन तरणी पोरं सहज त्याहून जास्त रेटतात. ते रेटणं आम्हाला काम वाटतं, मशीनला ती धक्काबुक्की असते.

आणि चाकाखाली भार किती? या उंचीचं मशीन दोन टनांच्या जवळपास जातं, वर सव्वादोनशे किलो माणसं आणि सामान. चार चाकांत समान वाटलं तर प्रत्येकाला साडेपाचशे किलो येतात, पण वर गेलेलं आणि एका बाजूला झुकलेलं मशीन समान वाटणी करत नाही. एका चाकावर सातशे किलोही येऊ शकतात, आणि ते टेकतात तळहाताएवढ्या जागेवर, कारण टायर भरीव असतो, दबून पसरत नाही. तळहात म्हणजे शंभर चौरस सेंटिमीटर धरा. चौरस मीटरला सत्तर टनांचा दाब झाला. इमारतीचा पाया काढताना इंजिनिअर साध्या जमिनीवर चौरस मीटरला दहा-वीस टन धरतात. चांगल्या स्लॅबखाली हा भार पसरतो, म्हणून चालून जातं. अडीच इंचाच्या पापडीखाली पोकळी असेल तर पसरणार कुठे?

आता तुम्ही विचाराल, अशी फसगत होऊ नये म्हणून मशीनमध्ये काहीच नसतं का? असतं. अपघाताची खरी लाज तिथेच आहे.

सिझर लिफ्टच्या दोन्ही बाजूंना चाकांच्या मधे लांब लोखंडी पट्ट्या असतात, पॉटहोल गार्ड. मशीन चालत असताना त्या वर दुमडलेल्या असतात. प्लॅटफॉर्म साधारण माणसाच्या उंचीवर गेला की त्या आपोआप खाली येतात आणि जमिनीपासून दोनेक सेंटिमीटरवर थांबतात. चाक खड्ड्यात गेलं तर पट्टी कडेच्या घट्ट जमिनीवर टेकते आणि मशीन तिच्यावर तोलून राहतं. आमची चारी मशीनला आडवी होती, दीड फुटाची. पट्टी तिच्या कडेच्या घट्ट जमिनीवर टेकली असती, चाक दोन सेंटिमीटरपेक्षा फार खाली गेलं नसतं. (चारी मशीनच्या लांबीला समांतर आणि नेमकी पट्टीखाली असेल, तर पट्टीही तिच्यासोबत जाते. म्हणून पट्टी आहे म्हणून जमीन बघायची नाही, असंही नाही.)

पट्टी खाली आली नाही तर एक स्विच ते ओळखतो, मशीन आणखी वर जायला नकार देतं आणि अलार्म देतं. आमच्या मशीनची उजवी पट्टी ट्रकवरून उतरवताना कधीतरी वाकली होती आणि अर्ध्यावर अडकत होती. मशीन वर जाईना. मग कुणीतरी तो स्विच दाबून प्लास्टिकच्या केबल टायने बांधून टाकला. पट्टी आली असं मशीनला वाटत राहिलं. भाड्याने देणाऱ्याचा माणूस मशीन सोडून गेला तेव्हा म्हणाला होता, 'स्विच नाटक करत होता, सोडवलाय.' अपघातानंतर मी खाली वाकून बघितलं तर टाय तसाच होता. मी फोटो काढला. तो पोलिसांकडे आहे, तुमच्याकडेही पाठवला होता. फलकावरच्या सूचनेत त्याचा उल्लेख नाही.

आता माझी चूक. रोज सकाळी भरायचा तपासणीचा कागद आमच्या साइटवर होता. चौदा रकाने, सगळ्यांत बरोबरची खूण. त्या दिवशीच्याही. खुणा पुतण्याने केल्या होत्या, खाली सही माझी होती. खाली वाकून कुणीच बघितलं नव्हतं. त्याला मशीन शिकवलं ते वीस मिनिटांत: ही जॉयस्टिक, हे वर, हे खाली, हे लाल बटण. पट्टी काय असते हे त्याला माहीतच नव्हतं. मलाही नीट माहीत नव्हतं, हे लिहायला आज लाज वाटते.

खरी तपासणी दहा मिनिटांची आहे. मी ती आता शिकलो. मशीनभोवती एक फेरी: टायर, तेलाची गळती, कठड्याच्या पिना, दाराची कडी, चार्जरची वायर काढली आहे का. मग मशीन मोकळ्या घट्ट जागेवर न्यायचं आणि खालच्या पॅनलवरून रिकामा प्लॅटफॉर्म माणसाच्या उंचीच्या वर उचलायचा. आता वाकून दोन्ही बाजूंना बघायचं, पट्ट्या पूर्ण खाली आल्या का. हाताने नाही, डोळ्यांनी. उचललेल्या प्लॅटफॉर्मखाली हात-डोकं घालायचं नाही. दोन्ही जागचे इमर्जन्सी स्टॉप दाबून बघायचे. वीज गेली तर प्लॅटफॉर्म खाली आणायचा व्हॉल्व्ह कुठे आहे ते खाली उभ्या राहणाऱ्या माणसाला दाखवायचं आणि त्याच्याकडून एकदा चालवून घ्यायचं. आमच्या खालच्या पोराला ते माहीत नव्हतं. त्या दिवशी त्याने काही फरक पडला नसता, पण दुसऱ्या कुठल्या दिवशी पडेल.

टिल्ट सेन्सर तपासायलाही कारखान्यात जावं लागत नाही. मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या जाडीच्या फळ्या एका बाजूच्या दोन्ही चाकांखाली घालायच्या, मशीन त्यावर चढवायचं आणि प्लॅटफॉर्म थोडा उचलायचा. अलार्म वाजून उचलणं थांबलं तर सेन्सर जिवंत. थांबलं नाही तर मशीन परत ट्रकवर.

आणि मग जमीन, जी आमच्या चौदा रकान्यांत एकाच शब्दात होती: 'समतल'. समतल तर ती होतीच! पोकळ जमीन समतलच दिसते. जिथे मशीन जाणार तो पट्टा चालून बघावा लागतो. सरळ रेषेत गेलेली बारीक भेग चारीची कड सांगते. एखाद्या पट्ट्यात ओल टिकून राहिली असेल, किंवा फरशी बोटभर बसली असेल, तर खाली भर आहे. पहारेच्या बोथट टोकाने ठोकत गेलं की घट्ट जागी ठक्क आवाज येतो आणि पोकळ जागी ढब्ब. अपघातानंतर आमच्या एका म्हाताऱ्या बिगाऱ्याने ती सगळी चारी पहारेने ठोकून, खडूने आखून दिली. अहिराणीत म्हणाला, 'आठे खाल पोकळ शे, भो.' त्याला पाच मिनिटं लागली. हे काम अपघाताच्या आधीही पाच मिनिटांचंच होतं.

पण सगळं ठोकून सापडेलच असं नाही. जाड फरशीखालची पोकळी गप्प बसते. म्हणून पहार हा शेवटचा उपाय. पहिला उपाय म्हणजे ज्याने खोदलं त्याने सांगणं. चारी कुठून गेली, चेंबर कुठे, टाकी कुठे, भर किती जुनी, हे फक्त मालकाच्या सिव्हिल कंत्राटदाराला माहीत असतं. ऑपरेटरकडून जबाबदारीची सही घेणं म्हणजे ज्याला नकाशा दिलाच नाही त्याच्याकडून रस्ता चुकल्याचा दंड वसूल करणं आहे.

वाऱ्याबद्दल थोडक्यात. यातली बरीच मशीनं फक्त आतल्या वापराची असतात, प्लेटवर वाऱ्याची मर्यादा शून्य लिहिलेली असते. बाहेर चालणाऱ्यांची सहसा सेकंदाला १२.५ मीटर, म्हणजे ताशी ४५ किलोमीटर. एका बाजूचे पत्रे न लागलेली शेड 'आतली' नसते, तिथे वारा कोंडून जास्त जोरात येतो. मे-जूनमध्ये वावधन सुटतं तेव्हा उभी केळी आडवी होते, आणि आमची पोरं हातात बारा फुटी पॅनल धरून वर असतात. पॅनल म्हणजे शीडच.

आता मागण्या. मी यासाठी मोर्चा आणणार नाही, पण उत्तर लेखी हवं आहे.

'ऑपरेटरच्या निष्काळजीपणामुळे' हे शब्द सूचनेतून काढा. चौकशी अजून चालू आहे आणि तुमच्याकडे टायचा फोटो आहे.

गोदाम किंवा शेडच्या मालकाने लिफ्ट आत येण्याआधी फरशीचा साधा आराखडा द्यावा. हाताने काढलेला चालेल. त्यावर चाऱ्या, चेंबर, टाक्या आणि भर घातलेली जागा दाखवलेली असावी, आणि सही खोदकाम करणाऱ्याची असावी. त्या जागा फरशीवर रंगाने आखाव्यात आणि बॅरिकेड कराव्यात. तिथून मशीन न्यायचंच असेल तर कुठली प्लेट टाकायची हे इंजिनिअरने त्या मशीनचा कमाल चाकभार बघून लिहून द्यावं. तो आकडा मॅन्युअलमध्ये असतो. प्लायवूडचा तुकडा टाकून पोकळी बुजत नाही. आणि जोरदार पाऊस झाला की आराखडा तोच असला तरी फेरी पुन्हा.

भाड्याने देणाऱ्यांनी मशीन ट्रकवरून उतरवल्यावर, घेणाऱ्याच्या डोळ्यांसमोर, पट्ट्या आणि टिल्ट या दोन चाचण्या करून दाखवाव्यात. बांधलेला, वायर जोडून फसवलेला एकही स्विच सापडला तर त्या दिवसाचं भाडं नाही आणि मशीन परत. मॅन्युअल मशीनवरच्या डब्यात असावं. आपल्याकडे तो डबा बहुतेक रिकामा किंवा गुटख्याच्या पुड्यांनी भरलेला असतो.

अलार्म वाजला किंवा जमिनीची शंका आली म्हणून ऑपरेटरने मशीन थांबवलं, तर त्याची त्या दिवसाची पूर्ण हजेरी लागली पाहिजे. माझ्यासाठी ही सगळ्यात मोठी मागणी आहे. त्या सकाळी पुतण्याने काम थांबवलं असतं तर त्याची हजेरी मीच कापली असती. मला ते माहीत आहे आणि त्यालाही माहीत होतं.

माझ्या कंत्राटात मी हे चालू केलं आहे. तपासणीच्या कागदावर आता माझी सही आधी होते आणि त्याआधी मी स्वतः वाकून पट्ट्या बघतो. गुडघे कुरकुरतात, बघतो.

जाता जाता एक विचारायचं आहे. ते मशीन गेल्या आठवड्यात मला फैजपूरच्या रस्त्याने ट्रकवर जाताना दिसलं. कठडा सरळ केलेला होता, उजव्या पट्टीला नवा पिवळा रंग होता. पट्टी बदलली आहे की नुसती रंगवली आहे, आणि स्विच सोडवला का, एवढं संबंधितांनी मला कळवावं. मशीन ज्या साइटवर गेलं तिथल्या मुलांनाही.

आपला,
पफ पॅनल बसवणारा एक कंत्राटदार
रावेर तालुका, जिल्हा जळगाव